पडद्याच्या कडेचा हद्दवाद

१/ अँड्रॉइड फोनवर ‘मागे’ जाण्याचे दोन मार्ग सध्या शेजारी शेजारी नांदत आहेत. जुना मार्ग म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेली तीन बटणे. त्यांतल्या त्रिकोणाला बोट लावले की मागचे पान येते. नवा मार्ग म्हणजे जेश्चर. पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढले की तेच घडते. नवा मार्ग २०१९ मध्ये आला आणि तेव्हापासून जुन्या मार्गाने जाणाऱ्यांकडे काहीशा दयेने पाहण्याची रीत पडली. आजच्या धाग्यात त्या रीतीविरुद्ध बाजू मांडायची आहे. स्वाइप फसते तेव्हा आपण बोटाला दोष देतो. माझ्या मते तो दोष बोटाचा कमी आणि त्या कडेच्या इतिहासाचा अधिक आहे.

२/ आरंभ २००८ पासून करू. त्या वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. एचटीसीने बनवलेला तो ‘जी-वन’. त्याच्यावर होम, मेन्यू आणि बॅक ही खरीखुरी, दाबता येणारी बटणे होती. त्याच्या सव्वा वर्ष आधी आलेल्या आयफोनला दर्शनी भागावर एकच बटण होते, होम. हा फरक वरवरचा नव्हता. आयफोनवर मागे जायचे असेल तर प्रत्येक ॲपने आपापल्या पानावर, बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यात, बाण काढून द्यायचा. अँड्रॉइडवर ती जबाबदारी फोनने स्वतःकडे घेतली. कोणतेही ॲप असो, ‘मागे’ फोन देणार. परिणामी अँड्रॉइडची हजारो ॲप असा बाण न काढताच बनली. पुढच्या साऱ्या गुंत्याचे मूळ इथे आहे, ते ध्यानात असू द्यावे.

३/ बोट ओढून फोन चालवण्याची कल्पना २०१९ मध्ये प्रथमच आली, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. जून २००९ मध्ये आलेल्या पाम प्री या फोनात पडद्याच्या खाली एक स्वतंत्र काळी पट्टी होती. तिच्यावर बोट उजवीकडून डावीकडे ओढले की मागचे पान यायचे. ही पट्टी पडद्याचा भाग नव्हती, त्यामुळे ॲपला तिच्यावर हक्क सांगता येत नसे. फोनची जमीन वेगळी आणि ॲपची वेगळी, मध्ये स्पष्ट बांध.

४/ नोकियाचा एन-नाइन जून २०११ मध्ये जाहीर झाला. त्याच्या दर्शनी भागावर एकही बटण नव्हते. कडेवरून बोट ओढले की चालू ॲपमधून बाहेर पडता येई. पण ॲपच्या आत एक पान मागे जायचे असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यात बाण काढलेला असे. म्हणजे ‘बाहेर पडणे’ हे स्वाइपकडे दिले आणि ‘मागे जाणे’ दिसणाऱ्या चिन्हाकडेच ठेवले. हा भेद ज्यांनी केला, त्यांना या दोन क्रियांचा स्वभाव नीट उमगला होता, असे मला वाटते. होम म्हणजे घर. कुठूनही निघा, पोहोचाल एकाच ठिकाणी, आणि चुकून गेलात तरी फारसे काही हरवत नाही, कारण ॲप मागे जसेच्या तसे उभे असते. ‘मागे’चे तसे नाही. अर्धा भरलेला अर्ज, लिहिता लिहिता राहिलेले पत्र, दोन जागा निवडून झालेले आरक्षण, यांतून चुकून मागे गेले तर काम मोडते.

५/ अँड्रॉइडकडे परत येऊ. पामच्या वेबओएसची रचना ज्यांनी घडवली त्यांतले मतियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये आले. २०११ च्या आरंभी टॅब्लेटसाठी आणि त्याच वर्षाच्या शेवटी गॅलेक्सी नेक्सस या फोनासाठी बटणे यंत्राच्या अंगावरून पडद्यावर आली. बॅक, होम आणि अलीकडची ॲप, असे त्रिकूट ठरले. आज ओळखीचे झालेले त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन हे आकार त्यांना २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मिळाले. पडद्याच्या तळाची एक पट्टी फोनची आणि वरचा सारा पडदा, कडांसकट, ॲपचा, अशी ही वाटणी होती. पट्टी रोज डोळ्यांसमोर असल्याने हद्दीबद्दल शंका येण्याचे कारण नव्हते.

६/ मग मे २०१३ मध्ये गूगलनेच ॲप बनवणाऱ्यांना एक अधिकृत नमुना दिला. डाव्या कडेवरून बोट आत ओढले की ॲपची अनुक्रमणिका कपाटातल्या खणासारखी बाहेर सरकेल. ‘नॅव्हिगेशन ड्रॉवर’ हे त्याचे नाव. गूगलच्या स्वतःच्या कितीतरी ॲपनी तो स्वीकारला आणि जगभरच्या ॲपनी त्याचे अनुकरण केले. छायाचित्रे, बातम्यांची सदरे, वस्तूंच्या आडव्या ओळी, सगळे काही बाजूला सरकवण्याची सवयही याच काळात रुजली. सहा वर्षे कोट्यवधी बोटांना शिकवले गेले की पडद्याची कड ही ॲपची आहे.

७/ नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोन टेन आला आणि त्याने होम बटण काढून टाकले. तळापासून वर बोट ओढले की घर. तळाच्या कडेवर ॲपचा जुना दावा फारसा नव्हता, त्यामुळे हा बदल लोकांच्या अंगवळणी लवकर पडला. शिवाय मागे जाण्याचा बाण ॲपमध्ये होताच. डाव्या कडेवरून मागे जाण्याचे स्वाइप २०१३ पासून मिळत होते, पण ते त्या बाणाच्या जोडीला होते.

८/ गूगलने २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये अर्धे पाऊल टाकले. मध्ये एक लांबट गोळी, तिच्यावर स्वाइप, आणि डावीकडे ‘मागे’चा लहानसा बाण तसाच ठेवलेला. या रचनेची बरीच चेष्टा झाली आणि दिसायला ती ओबडधोबड होतीच. तरीही माझ्या मते ती तिन्हींत सर्वांत प्रामाणिक होती, कारण तिने एन-नाइनचा भेद पाळला होता. वर्षभरातच, सप्टेंबर २०१९ मध्ये, अँड्रॉइड १० आले आणि तो बाणही गेला. आता ‘मागे’ डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कडांना, पडद्याच्या जवळजवळ पूर्ण उंचीभर.

९/ शेतीशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. एकाच पट्टीवर दोन वहिवाटदार आणि दोघांकडेही त्याच मालकाने दिलेले कागद. आयफोनच्या तळाची कड मोकळी होती. अँड्रॉइडची डावी-उजवी कड सहा वर्षांपूर्वीच दुसऱ्याला नांगरायला दिलेली होती.

१०/ गूगलला हे ठाऊक नव्हते असे नाही. तडजोड म्हणून दोन गोष्टी केल्या गेल्या. कडेवर बोट क्षणभर दाबून धरले की ड्रॉवर किंचित डोकावतो आणि मग तो ओढता येतो. दुसरी सोय ॲपसाठी. एखाद्या ॲपला कडेजवळ अत्यावश्यक स्वाइप हवे असेल, उदाहरणार्थ छायाचित्र कापताना कोपरा ओढण्यासाठी, तर तेवढा तुकडा फोनकडून मागून घेता येतो. मात्र एका कडेवर असा तुकडा उंचीला फार तर २०० डीपी. डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग, तेव्हा हे सव्वा इंच झाले. मर्यादा योग्यच आहे, नाहीतर एखाद्या ॲपने सगळी कड बळकावून माणसाला आत कोंडले असते. पण याचा अर्थ असाही की उरलेल्या चार-साडेचार इंच कडेवर ॲपचे काही चालत नाही. तिथला झगडा तुमच्या अंगठ्याने सोडवायचा.

११/ हा बदल करणाऱ्या गूगलच्या मंडळींनी २०१९ मध्ये आपली बाजू लिहूनही मांडली. आडव्या ओळी सरकवताना लोक चुकून मागे जातात, हे त्यांना चाचण्यांत दिसले होते. एक ते तीन दिवसांत लोक सरावतात आणि बहुसंख्यांना परत बटणांकडे जावेसे वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला मान्य आहे. प्रश्न बहुसंख्यांबाहेरच्यांचा आहे. बटणाला बोट योग्य जागी टेकणे एवढेच लागते. स्वाइपला सुरुवातीची जागा, दिशा, अंतर आणि वेग, चारही गोष्टी जुळाव्या लागतात. ज्याचा हात थोडा थरथरतो, बोटांची त्वचा कोरडी आहे, नजर मंद आहे, त्याच्यासाठी ही वाढ चौपट आहे. तीन दिवसांच्या सरावाने ती भरून निघत नाही.

१२/ ही चिंता नवी नाही. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन या रचनाशास्त्रातल्या दोन ज्येष्ठांनी २०१० मध्येच लिहिले होते की स्पर्शाच्या नव्या पद्धतींनी उपयोगसुलभता एक पाऊल मागे नेली आहे. काय करता येईल ते दिसत नाही, चुकून झालेले परत फिरवता येत नाही आणि गोष्टी अवचित घडतात, असा त्यांचा आक्षेप होता. तो अँड्रॉइड १० च्या नऊ वर्षे आधीचा असूनही कडेच्या स्वाइपला तंतोतंत लागू पडतो.

१३/ एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण फसणारे स्वाइप नेमके कुठे फसते ते त्यात दिसते. माझी मावशी सांगलीत असते, निवृत्त शिक्षिका. मैत्रिणींबरोबरच्या काशीयात्रेचे आरक्षण ती स्वतः एका सहल कंपनीच्या ॲपवर करत होती. चौघींची नावे आणि वये भरून झाली की त्याखाली निघण्याच्या तारखांची आडवी ओळ होती. तिथे पोहोचली की पान मागे जाऊन सगळी नावे पुसली जात. तीनदा झाले. फोनवर मला म्हणाली, “अरे, मी कशालाच हात लावला नाही रे. आपोआप मागं जातंय.” आणि मग, “तूच करून टाक बाबा, माझ्याच्यानं नाही व्हायचं.” सारा संसार आणि शाळा सांभाळलेली बाई आरक्षणासारखे काम सोडून देते, हे मला त्या चार नावांपेक्षा गंभीर वाटले.

१४/ ‘आपोआप’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बटण चुकीचे दाबले तर आपण काय दाबले ते तरी दिसते. कडेच्या स्वाइपमध्ये चूक करणारा कोणी दिसतच नाही, म्हणून माणूस एक तर फोनला झपाटलेला समजतो किंवा स्वतःला अडाणी.

१५/ पुढच्या भेटीत मी तिला तेच पान उघडून बोट अगदी सावकाश ओढायला सांगितले. उजव्या कडेशी एक लहानसा बाण फुगून वर आला. हीच मुख्य खूण. बाण दिसला तर स्वाइप फोनने घेतले, बाण न दिसता पान हलले तर ते ॲपकडे गेले. बाण दिसत असताना बोट न उचलता पुन्हा कडेकडे नेले तर ‘मागे’ रद्द होते, हेही तिला तेव्हाच कळले. पण ती नेमकी कडेवरूनच का ओढत होती? तारखांच्या ओळीत शेवटची तारीख उजव्या कडेशी अर्धी कापलेली दिसत होती. पुढे आणखी आहे हे सुचवण्याची ती रचनाकारांची जुनी खूण. मावशीने ती बरोबर वाचली आणि त्या अर्ध्या तारखेलाच बोट लावून ओढले. ॲपची सूचनाच तिला फोनच्या हद्दीत नेत होती. ओळीच्या मधल्या तारखेला बोट लावून ओढले असते तर काहीच बिघडले नसते, पण हे तिने कशावरून ओळखावे?

१६/ आधी बटणांकडे न जाता संवेदनशीलता कमी करून पाहिली. तिच्या फोनात डाव्या आणि उजव्या कडेसाठी वेगळी सरकपट्टी होती. उजवी सर्वांत कमीवर आणली की फोनची उजवी हद्द अरुंद होते. तारखा नीट सरकू लागल्या. मात्र आता दुसरा दोष उघडा पडला. खरोखर मागे जायचे असताना ते होईना. फोनला जाड कव्हर होते आणि त्याची कड पडद्यापेक्षा उंच होती, त्यामुळे बोट अगदी टोकाला पोहोचतच नव्हते. कव्हर काढले की चाले, घातले की अडे. हद्द रुंद ठेवावी तर चुकून मागे, अरुंद ठेवावी तर मुद्दामही नाही. असे दोन्हीकडून अडले की सराव वाढवण्यात अर्थ नाही, बटणांकडे जावे, हे माझे ठाम मत आहे. कव्हर काढून ठेवा हा सल्ला सत्तरीतल्या माणसाला देऊ नये. पडलेला फोन फसलेल्या स्वाइपपेक्षा महाग पडतो.

१७/ बटणे परत आणणे दोन मिनिटांचे काम आहे. गूगलच्या स्वतःच्या फोनांवर Settings → System → Gestures या वाटेने गेले की Navigation mode किंवा थोड्या जुन्या आवृत्तीत System navigation सापडते. तिथे 3-button navigation निवडायचे. संवेदनशीलतेच्या सरकपट्ट्याही तिथेच, जेश्चरच्या पर्यायाशेजारच्या दातेरी चाकामागे असतात. सॅमसंगवर Settings → Display → Navigation bar आणि मग Buttons. इतर कंपन्यांच्या फोनात वाट निराळी असते. तेव्हा सेटिंग्जच्या शोधपेटीत navigation लिहिणे सोपे. फोनची भाषा मराठी असेल तर नावे मराठीत दिसतील. फोन पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि काही पुसले जात नाही, त्यामुळे आठवडाभर वापरून परत फिरायलाही हरकत नाही.

१८/ बटणांची किंमतही सांगायला हवी. ती पट्टी साधारणतः ४८ डीपी उंच असते, म्हणजे सुमारे साडेसात मिलिमीटर. साडेसहा इंची लांबट पडदा दीडशे मिलिमीटर उंच धरला तर हा विसावा भाग झाला. ई-पेपर वाचताना बातमीच्या एक-दोन ओळी कमी दिसतील, याहून अधिक नुकसान मला दिसत नाही. खरी अडचण पोचण्याची आहे. मोठा फोन उजव्या हातात धरला की डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण अंगठ्यापासून दूर जातो. तिथे जेश्चरची बाजू निर्विवाद सरस आहे, कारण अंगठा जिथे आहे तिथेच ‘मागे’ मिळते. बसमध्ये दांडा धरून एका हाताने फोन चालवणाऱ्याने जेश्चर सोडावे, असे मी म्हणणार नाही. नव्या आवृत्त्यांत बोट उचलण्यापूर्वी मागचे कोणते पान येणार त्याची झलकही दिसू लागली आहे. अँड्रॉइड १५ पासून ती सोय स्वीकारणाऱ्या ॲपमध्ये ती सर्रास मिळते. हे जुन्या आक्षेपाला दिलेले उशिराचे, पण खरे उत्तर आहे. दोन हातांनी किंवा टेबलावर ठेवून फोन वापरणाऱ्याला मात्र यांतले फारसे काही लागत नाही.

१९/ बदल केल्यावर पहिले तीन-चार दिवस हात कडेकडे जात राहतो आणि काहीच होत नाही. तो बिघाड नव्हे. आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. कळफलक उघडा असताना त्रिकोण खाली तोंड करतो आणि तेव्हा त्याला बोट लावले की फक्त कळफलक मिटतो, पान मागे जात नाही. मावशीला हे विशेष आवडले. आता पान जाईल की राहील, ते बटणाकडे पाहूनच कळते.

२०/ शेवटची नोंद, घरात दोन कंपन्यांचे फोन असणाऱ्यांसाठी. गूगलने ‘मागे’ डावीकडे ठेवले, सॅमसंगने पहिल्या गॅलेक्सी एसपासून उजवीकडे. एकाच घरात सासूचा त्रिकोण डावीकडे आणि सुनेचा बाण उजवीकडे, ही स्थिती सर्रास आढळते आणि फोनची अदलाबदल झाली की दोघीही चुकतात. सॅमसंगच्या त्याच Navigation bar च्या पानावर बटणांचा क्रम उलटा करता येतो. बटणे निवडून झाली की तो क्रमही, वापरणाऱ्याला आधीच्या फोनावर कोणत्या बाजूची सवय होती ते विचारून, तिथल्या तिथे लावून द्यावा.